फराळाचं ऑनलाइन दुकान: एफडी मोडण्याआधी खोक्याचं माप घ्या

प्रश्न: मी साताऱ्यात घरून चकली, पातळ पोह्यांचा चिवडा आणि बेसनाचे लाडू करून विकते. ओळखीपाळखीतून महिन्याला २५-३० हजारांचा माल जातो. चिवडा ४४०, चकली ५२० आणि लाडू ६४० रुपये किलो. सामान, गॅस आणि पाऊच जाता किलोमागे अनुक्रमे १३०, १५० आणि १८० रुपये सुटतात. आता पुण्या-मुंबईहून, बंगळूरहूनसुद्धा विचारणा होते. पेमेंट गेटवे जोडून वेबसाइट करून द्यायचे एकजण ६५ हजार मागतोय. वर पॅकिंग, जाहिरात धरून दीड लाखाची एफडी मोडावी म्हणते. कुरिअरवाल्याने दर दिलेत ते असे: महाराष्ट्रात पहिल्या अर्ध्या किलोला ५५ आणि पुढच्या प्रत्येक अर्ध्या किलोला ४० रुपये, राज्याबाहेर ८० आणि ६५, जीएसटी वेगळा. पार्सल परत आलं तर तेवढंच भाडं पुन्हा. सगळे म्हणतात, डिलिव्हरी फुकट आणि कॅश ऑन डिलिव्हरी ठेवल्याशिवाय ऑनलाइन गिऱ्हाईक टिकत नाही. करू का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: ताई, धंदा वाढवा, पण एफडी मोडू नका आणि वेबसाइट आत्ता करू नका. फुकट डिलिव्हरी आणि कॅश ऑन डिलिव्हरी या दोन्ही गोष्टी तुमच्या मालाला परवडणाऱ्या नाहीत. तुमचा नफा ठरणार आहे तो खोक्याच्या मापावर, म्हणून आधी तेच बघू.

कुरिअर कंपनी पार्सलचं दोन प्रकारे वजन काढते. एक काट्यावरचं, दुसरं मापावरचं. खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये मोजून गुणायची आणि ५००० ने भागायचं, की मापाचं वजन किलोत मिळतं. दोन्हींपैकी जे जास्त, त्याचं भाडं लागतं, तेही पुढच्या अर्ध्या किलोपर्यंत चढवून. काही कंपन्या ५००० ऐवजी ४००० ने भागतात. मग वजन आणखी वाढतं. तुमच्या कुरिअरवाल्याला हा आकडा आजच विचारा, कारण दरपत्रकात तो सहसा तळाशी बारीक अक्षरात असतो.

लोखंडाचे खिळे विकणाऱ्याला याचं काही सोयरसुतक नाही. पातळ पोह्यांचा चिवडा विकणाऱ्याला मात्र हाच सगळ्यात मोठा खर्च आहे. एक किलो चिवड्याचे दोन पाऊच ३० × २२ × १६ सेंटिमीटरच्या खोक्यात घातले असं धरा. गुणाकार १०,५६०, भागिले ५०००, म्हणजे २.११ किलो, बिल अडीच किलोचं. तुमच्या दराने ५५ अधिक चार वेळा ४०, असे २१५, वर १८ टक्के जीएसटी, मिळून २५४ रुपये. हे महाराष्ट्रातल्या महाराष्ट्रात. चिवड्यात सुटणार १३०. डिलिव्हरी फुकट ठेवली, तर ४४० रुपयांच्या ऑर्डरीवर तुम्ही पदरचे सव्वाशे रुपये घातले, आणि खोकं-टेपचे अजून धरलेच नाहीत.

तोच चिवडा पाऊचमधली जादा हवा काढून २८ × २० × १३ च्या खोक्यात बसवला, तर मापाचं वजन १.४६ किलो होतं आणि बिल दीड किलोचं येतं: १५९ रुपये. प्रत्येक बाजूचे दोन-तीन सेंटिमीटर कमी झाले आणि ९५ रुपये वाचले. मात्र खोकं ठासून भरू नका. झाकण फुगलं की कुरिअरच्या गोदामात फुगवट्याची उंची मोजतात. १३ चे १५ सेंटिमीटर झाले, तर हेच पार्सल १.६८ किलोचं होऊन दोन किलोच्या दरात जातं आणि १५९ चे २०७ होतात. यासाठी सवय लावून घ्या: पार्सल बंद केल्यावर काट्यावर ठेवून एक फोटो आणि तिन्ही बाजूंना टेप लावून एकेक फोटो. बिलात वजन वाढवून आलं, तर हरकत घ्यायला थोडेच दिवस मिळतात आणि त्या वेळी हे फोटोच कामाला येतात.

लाडवांचं गणित उलटं आहे. लाडू जड, जागा कमी. एक किलो लाडवांचं खोकं काट्यावर साधारण १.१५ किलो भरतं, मापाने त्याहून बरंच कमी. पण दर अर्ध्या किलोच्या टप्प्याने असल्यामुळे तुम्ही दीड किलोचे, म्हणजे १५९ रुपये भरता. वरचे दीडशे ग्रॅम खोकं आणि पुठ्ठ्याचे. म्हणून कुरिअरसाठी अर्ध्या किलोचं पाकीट सोडा आणि ४०० ग्रॅमचं करा. दोन पाकिटं ८०० ग्रॅम, पॅकिंगसह ९५० च्या आसपास. बिल एक किलोचं, ११२ रुपये. गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होऊ नये म्हणून वजन पाकिटावर दर्शनी भागात ठळक लिहा. कायद्यानेही निव्वळ वजन, एमआरपी आणि प्रति ग्रॅम किंवा किलो किंमत छापावीच लागते.

आता हे दोन्ही एकत्र करा. चिवडा जागा खातो, लाडू वजन खातात. एकाच खोक्यात घातले की एकमेकांची भर निघते. चिवड्याची दोन पाकिटं, लाडवांची दोन आणि चकलीचं एक, असं दोन किलोचं खोकं घ्या. माप ३२ × २४ × १५, म्हणजे २.३० किलो. काट्यावरही पॅकिंगसह साधारण २.३ किलो. दोन्ही वजनं जुळली, म्हणजे भाड्यातला एकही रुपया हवेसाठी गेला नाही. मघाशी एक किलो चिवड्याला जे २५४ लागत होते, तेवढ्यातच आता दोन किलो फराळ जातो. तुमचा मुख्य ऑनलाइन माल हाच ठेवा: ठरलेलं खोकं, ठरलेली पाकिटं. सुटा माल दुय्यम, आणि कुरिअरने ५०० रुपयांच्या खाली ऑर्डर घ्यायचीच नाही. चकली नेहमी कडक डब्यात किंवा ट्रेमध्ये, खोक्याच्या मधोमध. वर लाडू ठेवले तर पोचेपर्यंत चकलीची भाजणी झालेली असेल.

या खोक्याची तुमच्या सध्याच्या भावाने किंमत होते १,०७२ रुपये. त्यात सुटतात ३०८. खोकं, टेप, आतला कागद यांचे ४० वजा केले की २६८ उरतात. भाडं २५४. फुकट डिलिव्हरी दिली, तर दोन किलो फराळ तळून, वळून, पॅक करून हाती येतात १४ रुपये, आणि त्यात तुमची मजुरी कुठेच धरलेली नाही.

पण गिऱ्हाइकाच्या बाजूनेही बघा. हजाराच्या मालावर अडीचशे डिलिव्हरी दिसली की माणूस तिथेच थांबतो. म्हणून भाडं दोन ठिकाणी वाटा. ४०० ग्रॅमच्या पाकिटाची एमआरपी चिवड्याला १९५, चकलीला २३० आणि लाडवांना २८० ठेवा. म्हणजे आजच्या भावापेक्षा साधारण दहा टक्के जास्त. खोक्याचे झाले १,१८०. डिलिव्हरी महाराष्ट्रभर सरसकट १५०. एकूण १,३३०. मालात वाढवलेले १०८ आणि वरचे १५० मिळून २५८ झाले, भाडं २५४. राज्याबाहेर डिलिव्हरी ३०० घेतली, तर ४०८ जमतात आणि तिथलं भाडं ४०१ येतं. दर सरसकट ठेवला की ‘आमच्याकडे किती पडेल’ हा प्रश्न दर ऑर्डरीला येत नाही, आणि घरून धंदा करणाऱ्या बाईचा निम्मा वेळ याच प्रश्नाची उत्तरं देण्यात जातो. साताऱ्यातली जुनी गिऱ्हाइकं बिथरू नयेत म्हणून त्यांना एमआरपीवर सूट देऊन आजचाच भाव लावा. एमआरपीपेक्षा कमी घेता येतं, जास्त नाही. म्हणून छापायची किंमत वरची.

कॅश ऑन डिलिव्हरीचं एकच पार्सल मांडून दाखवतो. गिऱ्हाईक घरी नाही, फोन उचलत नाही, किंवा तोवर मन बदललं; पार्सल परत आलं. जाताना २५४, येताना २५४, पॅकिंगचे ४०. आठ-दहा दिवस गाडीत आणि गोदामात आपटून आलेला फराळ दुसऱ्याला पाठवता येत नाही, म्हणजे मालाचा खर्च ७६४ गेला. एकूण १,३१२ रुपये. नीट पोचलेल्या एका खोक्यात तुमचे २६८ सुटतात. म्हणजे एक पार्सल परत आलं की पाच ऑर्डरींची कमाई पुसली. कुरिअरवाला रोख गोळा करायचं जे वेगळं शुल्क लावतो, ते यात धरलेलंच नाही. शिवाय पोचलेल्या पार्सलची रोकडही तुमच्या खात्यात यायला आठवडा-दीड आठवडा लागतो, तोवर पुढच्या घाण्याचं तेल तुम्ही स्वतःच्या पैशाने आणायचं. कपड्यांच्या दुकानाला परत आलेला माल पुन्हा विकता येतो, म्हणून त्यांना ही सोय झेपते. खाण्याच्या वस्तूला नाही. रोख घ्यायची तर फक्त साताऱ्यात, तुमचा माणूस पोचवत असेल तिथे.

मग पैसे घ्यायचे कसे? सुरुवातीला यूपीआय पुरेसं आहे. गिऱ्हाइकाच्या बँक खात्यातून तुमच्या खात्यात येणाऱ्या यूपीआयवर तुम्हाला शुल्क लागत नाही. घरखर्चाचं खातं मात्र यात मिसळू नका. धंद्यासाठी बँकेत वेगळं खातं उघडा आणि त्याचाच क्यूआर वापरा. वर्षअखेरीस विक्री किती झाली हे स्टेटमेंटवरून एका बैठकीत निघतं. दोन पथ्यं पाळायची. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा धरायचा नाही, कारण खोटा स्क्रीनशॉट दोन मिनिटांत तयार होतो. तुमच्या खात्यात रक्कम दिसली की मगच पार्सलवर पत्ता चिकटवायचा. आणि पैसे घेण्यासाठी पिन कधीच टाकावा लागत नाही. ‘पैसे पाठवलेत, पिन टाकून स्वीकारा’ असं कोणी म्हणालं की फोन ठेवायचा.

गेटवेची गरज तेव्हा लागते, जेव्हा कार्डाने पैसे देणारे किंवा परदेशात बसून आईवडिलांना फराळ पाठवणारे गिऱ्हाईक येतात. परदेशी कार्ड घ्यायचं तर ती सोय वेगळी मागून चालू करावी लागते आणि तिचं शुल्कही जास्त असतं. देशातल्या व्यवहारांना बहुतेक गेटवे साधारण २ टक्के घेतात, त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २.३६ टक्के. ते मालावर नाही, गिऱ्हाइकाने भरलेल्या पूर्ण रकमेवर, डिलिव्हरीसकट. १,३३० वर ३१ रुपये. पैसे साधारण दोन कामकाजाच्या दिवसांनी खात्यात येतात. ऑर्डर रद्द करून पैसे परत केले, तरी हे शुल्क बहुतेक ठिकाणी परत मिळत नाही. आणि तुमच्या वेबसाइटवाल्याने कदाचित सांगितलं नसेल, पण गेटवेला वेबसाइट लागतेच असं नाही. पॅन, बँक खातं आणि पत्त्याचे कागद दिले की पेमेंट लिंक मिळते. ती व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवता येते.

म्हणजे दुकान आत्ता असं दिसेल: व्हॉट्सअ‍ॅप बिझनेसवर कॅटलॉग, त्यात चार-पाच वस्तू, प्रत्येकीचं वजन, एमआरपी, टिकण्याची मुदत, डिलिव्हरीचे दोन दर. ऑर्डर आली की पत्ता आणि पिनकोड लेखी मागायचा, क्यूआर किंवा लिंक पाठवायची, पैसे दिसले की ऑर्डर नंबर द्यायचा. आठवड्यातून दोनच दिवस पार्सलं पाठवायची, सोमवार आणि बुधवार. शुक्रवारी दिलेलं पार्सल रविवारभर गोदामात पडतं. पुण्याची गिऱ्हाइकं एकाच भागातली असतील तर कुरिअर विसरा. ट्रॅव्हल्सच्या पार्सलने आठवड्याचा माल एकत्र पाठवून एखाद्या नातेवाइकाकडून घेऊन जायची सोय करा; तिथे डिलिव्हरीचे १५० घ्यायचेच नाहीत.

बंगळूरच्या ऑर्डरीबाबत घाई करू नका. वस्तू विकणाऱ्याला महाराष्ट्रात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, हे खरं. पण ती सवलत राज्यातल्या विक्रीपुरती आहे. करपात्र वस्तू दुसऱ्या राज्यात विकली, तर उलाढाल कितीही लहान असो, नोंदणी सक्तीची आहे. फराळ करपात्र आहे. २२ सप्टेंबर २०२५ पासून पाकीटबंद नमकीनवर ५ टक्के, मिठाईवरही ५. ‘छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठरावीक टक्के कर भरायची कंपोझिशन योजना घ्या, सोपं पडेल’ असा सल्ला कोणी देईल, पण कंपोझिशनवाल्याला राज्याबाहेर माल विकता येत नाही. नोंदणी केली की हा कर तुमच्या एमआरपीच्या आतूनच द्यायचा, कारण एमआरपी सर्व करांसह असते. डिलिव्हरी तुम्ही बिलात लावली, तर तिच्यावरही मालाचाच दर लागतो. बंगळूरच्या १,४८० रुपयांच्या बिलात सुमारे ७० रुपये कर. उलट बाजूला, कुरिअरच्या बिलातले ६१ रुपये जीएसटी आणि खोक्यांवर भरलेला कर वजा मिळतो. म्हणजे कर फारसा जड नाही. जड आहे ते विवरणपत्रांचं काम आणि सीएची फी. म्हणून पहिले तीन महिने फक्त महाराष्ट्र. बाहेरच्या चौकश्या वहीत लिहून ठेवा. महिन्याला वीस-पंचवीस ऑर्डरी बाहेरच्या दिसू लागल्या, की सीएकडून फी विचारून घ्या आणि ती या ऑर्डरींच्या कमाईत बसते का बघा.

अन्न सुरक्षेची नोंदणी मात्र आजपासून हवी, ऑनलाइन असो वा नसो. एफएसएसएआयच्या foscos.fssai.gov.in या पोर्टलवर छोट्या व्यावसायिकाची नोंदणी करता येते, फी नाममात्र आहे. मिळालेला १४ अंकी नंबर पाकिटावर छापायचा. त्याच लेबलवर घटकांची यादी जास्तीकडून कमीकडे, शाकाहारी चिन्ह, बॅच, बनवल्याची आणि वापरायची तारीख, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन. चिवड्यात शेंगदाणे आणि चकलीत तीळ आहेत. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी असणाऱ्यासाठी ते वेगळं ठळक लिहा. मुदत लिहिताना घरच्या डब्यातला अंदाज धरू नका. दहा पाकिटं सील करून स्वयंपाकघरातच ठेवा आणि दर आठवड्याला एक फोडा. चिवडा मऊ पडतो तेव्हा सील गळत असतं किंवा गरम असतानाच भरलेला असतो. चकलीला खवट वास येतो तेव्हा तेल जास्त वेळा तापलेलं असतं. वास पहिल्यांदा ज्या आठवड्यात येईल, त्याच्या दोन आठवडे आधीची मुदत छापा.

या सगळ्याला दीड लाख लागत नाहीत. २५ हजार बाजूला काढा. सीलिंग मशीन आणि ग्रॅमपर्यंत दाखवणारा वजनकाटा यांना ५ हजार, पाऊच आणि दोन मापांची खोकी १० हजार, लेबलछपाई ३ हजार, पुणे-मुंबई-नागपूरच्या नातेवाइकांना पाठवायच्या चाचणी पार्सलांना ३ हजार. उरलेले ४ हजार वजनाच्या वादात किंवा फुटलेल्या मालात जाणार असं समजून वेगळे ठेवा. चाचणी पार्सल उघडताना नातेवाइकांना व्हिडिओ काढायला सांगा, कौतुक नको. तुमच्या बचत खात्यात हे २५ हजार नसतील, तर एफडीवर ओव्हरड्राफ्ट घ्या. व्याज एफडीच्या दरापेक्षा साधारण एक-दोन टक्के जास्त पडतं, पण फक्त वापरलेल्या रकमेवर आणि तेवढ्याच दिवसांचं. एफडी मुदतीआधी मोडली, तर दंड पूर्ण दीड लाखाच्या व्याजावर बसतो.

वेबसाइटचे ६५ हजार भरून निघायला किती ऑर्डरी लागतील? खोक्यामागे २६८ मधून गेटवेचे ३१ गेले, २३७ राहिले. जवळपास पावणेतीनशे खोकी, आणि तोपर्यंत तुमची मजुरी शून्य. वेबसाइट गिऱ्हाईक आणत नाही. आलेल्या गिऱ्हाइकाची ऑर्डर घेण्याचा वेळ वाचवते. तो वेळ वाचवण्यासारखा केव्हा होईल, तर सलग तीन महिने महिन्याला साठेक ऑर्डरी आल्या आणि त्यात निम्मी गिऱ्हाइकं दुसऱ्यांदा आलेली असली तर. दिवाळीचा महिना या हिशोबात धरायचा नाही. दिवाळीत सगळ्यांचाच फराळ खपतो.

तेव्हाही खास बनवून घेण्यापेक्षा महिन्याच्या भाड्याने मिळणारं तयार ऑनलाइन दुकान आधी बघा. कोणाकडूनही करून घ्या, पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या. डोमेन तुमच्या नावावर आणि तुमच्या ईमेलवर हवं. गेटवेचं खातं तुमच्या पॅनवर आणि तुमच्या बँकेशी जोडलेलं हवं; ‘सध्या माझ्या खात्यातून घेऊ, मग वळते करू’ याला साफ नकार द्या. डिलिव्हरीचा दर पिनकोड आणि वजन बघून आपोआप लागला पाहिजे, आणि तो तुम्हाला स्वतः बदलता आला पाहिजे. दुसऱ्या वर्षी किती पैसे लागतील हा आकडा आज कागदावर हवा. परतावा, रद्द करणे आणि डिलिव्हरी यांच्या अटींची पानं तर हवीतच, कारण वेबसाइटवर गेटवे सुरू करण्याआधी ती आहेत का हे तपासतात. त्यात एक ओळ अशी घाला: फुटलेल्या किंवा खराब मालाची तक्रार पार्सल मिळाल्यापासून २४ तासांत, खोकं उघडतानाच्या व्हिडिओसह, तक्रार खरी असेल तर पैसे परत किंवा पुढच्या खेपेत नवं पाकीट, पण माल परत मागवला जाणार नाही. फुटलेली चकली नागपूरहून परत आणायला तिच्या किमतीपेक्षा जास्त भाडं पडतं.